बोटांच्या आधी अंग
प्रस्तावना

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळे तासभर मागे सरकतात, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत बोटांची तक्रार घेऊन माणसे दवाखान्यात येऊ लागतात. त्यांत बायका जास्त, आणि तरुण मुली तर फारच. सांगण्याची तऱ्हा जवळपास सारखीच असते. सकाळी बसथांब्यावर उभी होते, हातमोजे घातले होते, तरी दोन बोटे एकाएकी पांढरी पडली. गारठून फिकी पडतात तशी नव्हेत, मेणासारखी पांढरी. मधल्या पेरापर्यंत पांढरी आणि त्याच्या खाली नेहमीच्या रंगाची, मध्ये जणू रेघ ओढलेली. चिमटा काढला तरी कळेना. मग ती निळसर झाली. कचेरीत गेल्यावर लाल होऊन इतकी ठणकली की कीबोर्डवर बोट टेकवेना. अर्ध्या तासाने सगळे पूर्ववत. पुण्यात किंवा नाशिकमध्ये असे कधी झाले नव्हते, किंवा झाले असेल तर कोणी लक्ष दिले नव्हते.

हा रेनोचा विकार. ब्रिटनमधल्या कागदपत्रांवर तो ‘रेनॉड्स’ या नावाने लिहिलेला आढळेल. पुढची पाने ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी लिहिली आहेत, आणि त्यांत मोजे, औषधे, तपासण्या, स्वयंपाकघर अशा एकेका गोष्टीची माहिती येईल. त्याआधी पाया म्हणून मला इथे एकच गोष्ट नीट मांडायची आहे. या विकारात आपण बोटांची काळजी घेत बसतो. पण बोटातला रक्तप्रवाह सुरू ठेवायचा की बंद करायचा, याचा हुकूम मोठ्या प्रमाणावर धडाकडून येतो. छाती, पाठ, पोट आणि मान गार असतील तर उत्तमातले उत्तम हातमोजेही उपयोगी पडत नाहीत. हे एकदा पटले की रोजच्या काळजीतल्या निम्म्या गोष्टी कोणी न सांगताही सुचतात.

बोटांचेच असे का होते, ते आधी पाहू. बोटांची टोके, नखांखालची जागा आणि तळवे यांत रक्ताची ये-जा त्या भागाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. तिथल्या लहान धमन्या आणि शिरा यांना थेट जोडणारे आडमार्ग असतात. उन्हाळ्यात ते मार्ग उघडतात, गरम रक्त कातडीच्या जवळून वाहते आणि अंगातली उष्णता बाहेर टाकली जाते. थंडीत ते मिटतात, रक्त आत राहते आणि हृदय, यकृत, मेंदू उबदार राहतात. कालव्याला पाणी कमी आले की पाटकरी टोकाच्या चाऱ्यांची दारे आधी बंद करतो, तसेच हे काम चालते. थंडीत हात गार पडणे म्हणजे शरीर शहाणपणाने वागते आहे असे समजावे. रेनोच्या विकारात हेच काम गरजेपेक्षा पुढे जाते. आडमार्ग तर मिटतातच, शिवाय बोटाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य लहान धमन्याही आवळून पूर्ण बंद होतात. आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. घरातल्या उबेतून एकदम बाहेरच्या ओल्या वाऱ्यात गेले, सुपरमार्केटात दुधा-दह्याच्या थंड कपाटांपाशी उभे राहिले, किंवा जुलै महिन्यात फ्रीजरमधून वाटाण्याची पिशवी काढली, एवढेही पुरते. तापमान किती आहे यापेक्षा ते किती झपाट्याने उतरले, याला इथे अधिक महत्त्व आहे. काहींना ताण, भीती किंवा परीक्षेची धास्तीही पुरते, कारण रक्तवाहिन्या आवळणारे मज्जातंतू भीतीच्या वेळीही तेच काम करतात.

रंगांचा क्रम या घडामोडींवरूनच उलगडतो. पांढरा म्हणजे बोटात रक्तच नाही. निळा म्हणजे थोडे रक्त आत अडकून पडले आहे आणि त्यातला प्राणवायू पेशींनी वापरून संपवला आहे. लाल म्हणजे धमनी उघडली आणि उपाशी राहिलेल्या बोटात रक्त भरभरून आले. ठणका आणि आग याच वेळी होते. प्रत्येकाला तिन्ही रंग दिसतातच असे नाही. निदानासाठी डॉक्टर मुख्यतः पांढऱ्या रंगाकडे आणि त्याच्या स्पष्ट सीमेकडे पाहतात. दिवसभर हात सरसकट निळसर, गार आणि घामट राहत असतील, दुखत नसतील आणि पांढरे कधीच पडत नसतील, तर तो निराळा आणि बहुधा निरुपद्रवी प्रकार असतो.

मोरीस रेनो या फ्रेंच डॉक्टरने 1862 साली पॅरिसमध्ये या विषयावर प्रबंध लिहिला. तेव्हा तो तिशीतही नव्हता. 1888 साली टॉमस बार्लो यांनी त्याच्या लेखनाचा इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये प्रसिद्ध केला आणि ब्रिटिश डॉक्टरांना या आजाराची नीट ओळख झाली. रेनोचे म्हणणे असे, की दोष मज्जासंस्थेत आहे: रक्तवाहिन्यांना आवळण्याचा आदेश देणारे मज्जातंतू वाजवीपेक्षा जास्त चेतवले जातात. हे मत पुढे साठ-पासष्ट वर्षे टिकले आणि त्याच्या भरवशावर हे मज्जातंतू कापण्याच्या शस्त्रक्रियाही होऊ लागल्या.

या मताला खरा धक्का दिला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधल्या सर टॉमस लुइस यांनी. 1929 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे प्रयोग आजही वाचण्यासारखे आहेत. त्यांनी रुग्णाचे एकच बोट गार केले, तर झटका त्याच बोटापुरता आला. मग झटका चालू असताना त्यांनी कोपराजवळच्या मज्जातंतूला बधिर करणारे इंजेक्शन दिले. आदेश वरून येत असेल, तर तार तुटताच बोट उघडायला हवे. गार असलेले बोट तसेच बंद राहिले. म्हणजे बोटातल्या धमनीच्या भिंतीतच काहीतरी अधिक हळवे आहे, थंडी लागली की ती आपल्या आपण आवळते, असा निष्कर्ष लुइस यांनी काढला. मज्जातंतू कापूनही अनेकांचे झटके का परत येतात, त्याचेही उत्तर यात होते.

पण लुइस यांच्याच कामाची दुसरी बाजू आपल्या दृष्टीने जास्त उपयोगाची आहे. 1931 साली त्यांनी आणि जॉर्ज पिकरिंग यांनी दाखवले, की अंग गरम केले तर हातापायांतल्या रक्तवाहिन्या उघडतात, हातांना थेट ऊब दिली नसली तरीही. त्या काळात अशीच इतर निरीक्षणेही झाली: पाय कोमट पाण्यात ठेवले की काही मिनिटांत हाताची बोटे गरम होतात. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र पूर्ण होते. धमनीचा हळवेपणा बोटात आहे, आणि तो आपण बदलू शकत नाही. तिला आवळण्याचा किंवा सैल सोडण्याचा सर्वसाधारण आदेश मात्र धडाच्या तापमानावर ठरतो, आणि ते आपल्या हातात आहे. अलीकडच्या संशोधनाने हा हळवेपणा पेशींच्या पातळीवर दाखवला आहे. रक्तवाहिनीच्या स्नायूवर मज्जातंतूंचा निरोप घेणारे काही ग्राहक असतात. गारठा लागला की ते पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि तोच निरोप मग कितीतरी जोराने ऐकला जातो. 2023 साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह 5 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी आणि जनुके तपासली. त्यांना याच कुळातल्या एका ग्राहकाच्या जनुकाशी विकाराचा संबंध आढळला. आई, मावशी आणि मुलगी अशा तिघींना हा त्रास असतो तेव्हा त्यामागे काय असावे, याचा धागा इथे मिळतो.

आता रोजच्या आयुष्याकडे येऊ. समजा, तिशीच्या आतली एक मुलगी लेस्टरमध्ये नोकरी करते. सकाळी सातला घर सोडते. घरातले हीटिंग साडेसहाला सुरू होते, म्हणजे ती उठते तेव्हा खोली गारच असते. ती अंघोळ करते, ओल्या केसांनी चहा घेते, सुती कुर्त्यावर पातळ जाकीट चढवते, दारापाशी फोन शोधते, कुलूप लावते आणि मग पिशवीतून हातमोजे काढते. मोजे महागाचे, आत लोकर असलेले. सव्वासातला बसथांब्यावर तिची बोटे पांढरी पडतात आणि मोज्यांना दोष दिला जातो.

मोजा स्वतः उष्णता तयार करत नाही. आत असलेली उष्णता तो धरून ठेवतो. ती कुलूप लावेपर्यंत दाराचे धातूचे हँडल आणि किल्ली यांनी तिची बोटे गार केली होती, आणि धडाला ऊब नसल्याने आदेशही आवळण्याचाच होता. आत रक्तच नसलेल्या बोटावर मोजा चढला, तर गारठा तेवढा जपला जातो. म्हणून बदल मोज्याच्या आधीपासून करायचे. हीटिंग उठण्याच्या अर्धा तास आधी सुरू व्हावे असे लावायचे. केस कोरडे करूनच बाहेर पडायचे. अंगाला चिकटून बसणारा थर्मलचा थर, त्यावर लोकरीचा थर आणि सर्वांत वर वारा न शिरणारा कोट घालायचा. मफलरने मान झाकायची. मनगट उघडे ठेवायचे नाही, कारण तिथे धमनी कातडीच्या अगदी जवळून जाते. मोजे रात्री रेडिएटरजवळ ठेवायचे आणि घरातच, हात गरम असताना, चढवायचे. कुलूप मोजे घालूनच लावायचे. शक्य असेल तर चार बोटे एकाच कप्प्यात राहतील असे मिटन वापरायचे. त्यात बोटे एकमेकांना ऊब देतात, तर पाच बोटांच्या मोज्यात प्रत्येक बोट एकटे पडते. थांब्यावर उभे न राहता चालत राहायचे. एवढे केल्यावर झटके पूर्ण थांबतील असे मी म्हणणार नाही. ते विरळ होतात आणि लवकर उतरतात.

आपल्या पोशाखाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. साडीत पोट आणि पाठ उघडी राहते, पंजाबी ड्रेसचा गळा खोल असतो, आणि कार्यक्रमाला जाताना कोट अंगावर घेण्याऐवजी हातावर टाकण्याची आपल्याला सवय असते. दिवाळी इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, म्हणजे नेमक्या ऋतूच्या तोंडावर. ब्लाउजच्या आत बसेल असा पातळ थर्मल आणि परकराच्या आत लेगिंग घालावी. सभागृहात पोहोचल्यावर कोट काढता येतो. तो हातावर असेल, तर गाडीतळापासून दारापर्यंतच्या चालीत झटका यायचा तो आलेला असतो.

घरात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे नळ. जुन्या ब्रिटिश घरांत गरम आणि गार पाण्याचे नळ वेगवेगळे असतात. एकातून पोळणारे पाणी येते, दुसऱ्यातून बर्फासारखे. तांदूळ धुणे, पालेभाजी निवडून धुणे, सकाळी देवाची भांडी विसळणे ही सगळी कामे आपण सवयीने गार पाण्यात करतो. वाडग्यात दोन्ही पाणी मिसळून कोमट करून घ्यावे. त्याने भाजीचे काही बिघडत नाही. फ्रीजमधली भिजवलेली कणीक लगेच मळायला घेऊ नये. फ्रीजरपाशी जाड हातमोज्यांचा एक जोड कायमचा ठेवावा. घराच्या तापमानाबद्दल ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला असा, की आपण वापरतो त्या खोल्या किमान 18 अंशांवर ठेवाव्यात. विजेचे आणि गॅसचे बिल पाहून अनेक घरांत यापेक्षा खाली राहतात, हे मला माहीत आहे. पूर्ण घर तापवणे परवडत नसेल, तर बसण्याची खोली तरी तापवा आणि अंगावर थर वाढवा. नुसत्या हातांसाठी हॉट वॉटर बॅग घेऊन गार खोलीत बसणे हा पर्याय नव्हे.

झटका आलाच तर काय करावे? आधी वाऱ्यातून आत या. हात काखेत घाला किंवा पोटाशी धरा. दंड खांद्यापासून मोठ्या वर्तुळात फिरवा, म्हणजे रक्त बोटांकडे ढकलले जाते. मग कोमट पाणी, गरम नव्हे. ते तपासायचे असेल तर बधिर बोटाने तपासू नका, कोपराने तपासा. आपल्याकडे हात गॅसच्या ज्योतीवर धरण्याची, तव्यावर कापड तापवून शेक घेण्याची पद्धत आहे. बधिर बोटाला चटका कळत नाही; धमनी उघडेपर्यंत कातडी भाजून निघते आणि नंतरची जखम हळू भरते. रेडिएटरला बोटे टेकवून ठेवण्यानेही हेच होते. कोमट तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. त्याने कातडी फुटत नाही, जे या विकारात महत्त्वाचे आहे, पण तेलाने धमनी उघडते असे समजू नये. सुंठीच्या किंवा आल्याच्या चहाचेही तसेच. त्याने पोटात ऊब येते, ती उपयोगाची असते. झटके थांबवण्याचा विश्वासार्ह पुरावा मात्र त्यामागे नाही. ऊब मिळायला लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांत रंग परत येतो, हे सर्वसाधारण प्रमाण.

तंबाखूबाबत कोणतीही सवलत नाही. निकोटीन धमन्या आवळते, मग ते सिगारेटमधून येवो, व्हेपमधून, तंबाखूच्या चिमटीतून किंवा गावाहून आलेल्या मशेरीच्या डबीतून. तरुण, तंबाखू ओढणाऱ्या पुरुषाचे एखादे बोट निळे पडून दुखत राहत असेल तर ते साधे रेनो नसून रक्तवाहिन्या खरोखर बुजवणारा आजार असू शकतो, आणि त्यात बोट गमावण्याची वेळ येते. याशिवाय आपल्या औषधांच्या पेटीकडेही पाहायला हवे. मायग्रेनसाठी किंवा छातीतल्या धडधडीसाठी दिलेले प्रोप्रॅनोलोल आणि त्याच गटातली रक्तदाबाची औषधे, सर्दीवरच्या नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या, एकाग्रतेच्या विकारावरची उत्तेजक औषधे, मायग्रेनच्या काही गोळ्या यांनी झटके वाढू शकतात. ही औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. बोटांची तक्रार सांगून डॉक्टरांना पर्याय विचारावा.

आता एका अशा अडचणीकडे येते, जी इंग्रजी पुस्तिकांतून बराच काळ दुर्लक्षित राहिली. त्यांतली छायाचित्रे बहुधा गोऱ्या हातांची असतात. सावळ्या हातावर पांढरा रंग राखाडी किंवा पिवळट दिसतो, निळा रंग नुसता काळसर वाटतो, आणि लाल रंग तर दिसतच नाही. त्यामुळे सावळ्या रुग्णाचे निदान हुकण्याची शक्यता जास्त. आपण बोटाची पाठ न पाहता आतली बाजू पाहावी, विशेषतः बोटाच्या टोकाचा मांसल भाग आणि नखाखालची जागा. नख दाबून सोडावे. रंग परतायला वेळ लागतो का ते पाहावे. बधिरपणा, मग मुंग्या, मग ठणका हा क्रम लक्षात ठेवावा. आणि झटका चालू असताना फोनवर दोन्ही हातांचा फोटो काढावा, एकदा पांढरे असताना आणि एकदा उबेनंतर. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात नेहमीसारखे झालेले असतात, त्यामुळे हा फोटो म्हणजे अर्धे निदान. एक बारीक गोष्ट: बोटाला लावायचे ऑक्सिमीटर गारठलेल्या बोटावर चुकीचा आकडा दाखवते किंवा काहीच दाखवत नाही. हात गरम करूनच ते लावावे, नाहीतर उगाच घबराट होते.

बहुतेकांचा विकार प्राथमिक असतो. म्हणजे धमन्या मुळात निरोगी असतात, फक्त हळव्या. तो साधारण पंधरा ते तीस या वयात सुरू होतो, दोन्ही हातांना सारखा होतो, जखमा होत नाहीत आणि घरात आणखी कोणाला असतो. थोड्या जणांत मात्र रेनो ही दुसऱ्या आजाराची पहिली खूण असते, आणि या आजारांत स्क्लेरोडर्मा महत्त्वाचा; त्यात कातडी आणि काही वेळा आतले अवयव घट्ट होत जातात. त्याचे चित्र असे असते. बाईचे वय पंचेचाळीस-पन्नास, हिवाळ्यातला त्रास दोन-तीन वर्षांपूर्वीच सुरू झालेला. गेल्या वर्षापासून अंगठी निघत नाही, बोटे सकाळी फुगीर वाटतात. ॲसिडिटी आहे, पण ती तर कोणाला नसते, असे घरचे म्हणतात. जिना चढताना धाप लागते, ती वयामुळे असे ती स्वतः म्हणते. बोटाच्या टोकाला एक बारीक, दुखरी खाच पडली आहे, जी महिनाभर भरत नाही. यातली एकेक गोष्ट सुटी सांगितली तर कोणाचे लक्ष जाणार नाही. म्हणून जीपीसमोर सगळ्या एकत्र सांगाव्यात. एकाच हाताला किंवा एकाच बोटाला होणारा त्रासही वेगळ्याने तपासावा लागतो.

त्यासाठीच्या तपासण्या अवघड नाहीत. रक्ताची सर्वसाधारण तपासणी, सूज दाखवणारी तपासणी आणि एएनए नावाची प्रतिपिंडांची तपासणी जीपीकडे होते. एएनए निरोगी माणसांतही कधी कधी सकारात्मक येते, त्यामुळे तो शब्द वाचून धास्तावू नये. खरी बोलकी तपासणी म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. कातडीवर तेलाचा थेंब टाकतात आणि पाहतात, सुईही टोचावी लागत नाही. निरोगी माणसात केशवाहिन्या केसाच्या पिनांसारख्या ओळीने उभ्या दिसतात. स्क्लेरोडर्मात त्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या आणि मधून मधून नाहीशा झालेल्या. लंडनचे रॉयल फ्री आणि मँचेस्टरजवळचे सॅल्फर्ड रॉयल ही या विषयातली जुनी, जाणती केंद्रे आहेत. तपासणीला जाताना नखांना रंग नको, मेंदीही नको, आणि आधी काही दिवस नखाजवळची कातडी कुरतडू नये.

चिलब्लेनशी याची गल्लत होते, म्हणून दोन वाक्ये. रेनोचा झटका मिनिटांत येतो आणि जातो. चिलब्लेन म्हणजे थंडीनंतर काही तासांनी उठणारे लालसर-जांभळे, खाजणारे, सुजलेले डाग, जे आठवडाभर किंवा जास्त राहतात. ज्याला एक होते त्याला दुसरेही होऊ शकते, आणि ऊब दोन्हींना लागते.

ब्रिटनमध्ये पांढऱ्या बोटांची आणखी एक कहाणी आहे, आणि ती पुरुषांची आहे. कोळसा खाणींत ड्रिल धरून वर्षे काढलेल्या कामगारांची बोटे कायमची हळवी झाली. हत्याराच्या कंपनाने बोटातल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतात, आणि काम सोडल्यावरही संवेदना पूर्ण परतत नाही. शर्टाचे बटण लावता येत नाही, नाणे उचलता येत नाही. 1985 साली हा व्यवसायजन्य आजार म्हणून सरकारी यादीत आला. ब्रिटिश कोल या सरकारी खाण मंडळाविरुद्ध कामगारांनी खटला जिंकला, 1998 साली अपील न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला, आणि पुढे भरपाईसाठी दीड लाखाहून अधिक दावे आले. 2005 पासून कंपन किती सोसायचे याची मर्यादा कायद्यात आहे. बांधकामावर, रस्त्याच्या कामावर किंवा गॅरेजमध्ये काम करणाऱ्या कोणाची बोटे पांढरी पडत असतील, तर हत्याराचे नाव आणि दिवसातले तास डॉक्टरांना सांगावेत. याला मोजे हा उपाय नाही, कंपन कमी करणे हाच उपाय आहे.

ऊब आणि तंबाखूबंदी यांनी भागले नाही तर औषध आहे. ब्रिटनमध्ये निफेडिपिन हे या विकारासाठी परवाना असलेले औषध. ते धमनीचा स्नायू सैल करते. बहुधा हळू सुटणारी गोळी कमी मात्रेत सुरू करतात आणि काहीजण ती फक्त हिवाळ्याचे महिने घेतात. त्याचा फायदा मध्यम असतो: झटके कमी आणि सौम्य होतात, संपत नाहीत. डोके दुखणे, चेहरा तापणे, घोट्याला सूज येणे आणि उठताना चक्कर येणे या तक्रारींमुळे अनेकजणी ते सोडतात, तेव्हा मात्रा बदलून पाहण्यासारखे असते. त्याच्यासोबत ग्रेपफ्रूट खाऊ नये. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर गोळी सुरू करण्याआधी सांगावे. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध पाजल्यानंतर स्तनाग्र पांढरे पडून आग होत असेल, तर तेही रेनो असू शकते. बुरशीचा संसर्ग समजून तिला मलमे लावत राहण्याआधी हा विचार सुचवायला हवा.

शेवटी वाचकांना एकच विनंती. पुढची पाने सावकाश वाचा, पण तीन गोष्टींसाठी वाचून होण्याची वाट पाहू नका. बोटाच्या टोकाला न भरणारी जखम असेल, ऊब देऊनही एखादे बोट तासाभराने निळे किंवा काळे आणि दुखरेच राहत असेल, किंवा तिशी उलटल्यावर हा त्रास पहिल्यांदा सुरू झाला असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. पहिल्या दोन बाबतींत त्याच दिवशी, जीपीची वेळ मिळत नसेल तर 111 या क्रमांकावर फोन करून. तिसऱ्या बाबतीत या आठवड्यात वेळ घ्या, आणि फोनमधले फोटो सोबत न्या.